बेचाळीसच्या घड्याळाला बाविसाचा पट्टा?

«घड्याळाचा पट्टा स्वतः बदला, दुकानात पैसे घालवू नका. डायल ४० मिमीपर्यंत असेल तर २० चा पट्टा घ्या, त्याहून मोठी असेल तर २२ चा. खात्री हवी असेल तर जुना पट्टा पट्टीने मोजा. एखादा मिमी इकडे-तिकडे चालतो, चामडं दबतं. फक्त क्विक रिलीज पिनवाला पट्टा घ्या, म्हणजे अवजार लागत नाही आणि तो कुठल्याही घड्याळाला बसतो.»

पट्ट्यांबद्दलच्या या मेसेजमधल्या पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. पट्टा घरी बदलता येतो, मी गेली कित्येक वर्षं बदलतोय. भांडण त्याच्या पुढच्या प्रत्येक वाक्याशी आहे.

आधी डायलचं बघू. ओमेगाचं स्पीडमास्टर प्रोफेशनल ४२ मिमीचं घड्याळ आहे आणि त्याला २० चा पट्टा लागतो. सेकोचं एसकेएक्स००७ हे डायव्हर घड्याळही साधारण तेवढंच, पण त्याला २२ चा. रोलेक्सचं सबमरीनर अनेक वर्षं ४० मिमीचं होतं, पट्टा २० चा. २०२० मध्ये ते ४१ चं झालं आणि पट्टा झाला २१ चा. म्हणजे २० आणि २२ च्या मधलेही पट्टे असतात, आणि घड्याळाच्या आकारावरून ते ओळखता येत नाहीत. घड्याळाच्या केसमधून, म्हणजे डायलभोवतीच्या डब्यातून, वर दोन, खाली दोन असे चार कान निघतात, त्यांना लग म्हणतात. दोन लगांमध्ये बसणारी आडवी पिन पट्टा धरून ठेवते. वरच्या किंवा खालच्या दोन लगांच्या आतल्या भिंतींमधलं अंतर हेच पट्ट्याचं माप. ते किती ठेवायचं हे घड्याळ करणारा ठरवतो, केसच्या व्यासातून ते आपोआप निघत नाही. (आणि ४२ हा आकडा डायलचा नसतोच. तो चावी सोडून पूर्ण केसचा असतो.)

जुना पट्टा मोजण्याचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो जास्त घातक. आमच्या वडिलांचं एचएमटी जनता गेल्या वर्षी कपाटातून काढलं. पट्टा काळा, चामड्याचा, घामाने आक्रसलेला. पट्टीने मोजला तर जेमतेम १७ भरला. लगांमधलं अंतर मोजलं तर १८. पट्टा काढल्यावर दिसलं की दोन्ही कडा आत वळून कडक झाल्या होत्या. त्या मापाचा नवा मागवला असता तर दोन्ही बाजूंना फट राहिली असती.

उलटी चूकही होते. बरेच पट्टे लगाकडे रुंद आणि बक्कलाकडे अरुंद असतात. त्यांच्या मागे २०/१८ असं छापलेलं असतं. पहिला आकडा लगाचा, दुसरा बक्कलाचा. हातात घड्याळ घालून पट्टी लावायची म्हटलं की ती बक्कलाजवळच सोयीने लागते, आणि माणूस १८ चा पट्टा घेऊन येतो.

व्हर्निअर कॅलिपर असेल तर त्याचे आतलं माप घेणारे जबडे पिन बसते तिथे दोन लगांमध्ये उघडा, काम झालं. नसेल तर व्हिजिटिंग कार्डातून एक पाचर कापा, एका टोकाला साधारण १६ मिमी आणि दुसऱ्याला २४. ती दोन लगांमध्ये दोन्ही भिंतींना टेकेपर्यंत सरकवा, टेकली तिथे पेन्सिलीने खूण करा आणि खुणेवरची रुंदी पट्टीने मोजा. १९.७ किंवा २०.२ आलं तर २० समजा, कारण बहुतेक पट्टे पूर्ण मिलिमीटरमध्येच मिळतात. बरोबर साडेएकोणीस आलं तर मात्र पुन्हा मोजा, पाचर तिरकी बसली असणार.

आता तो «एखादा मिमी». जास्त आणि कमी यात फरक आहे, हे त्या मेसेजमध्ये नाहीच. १९ च्या जागेत २० चा मऊ चामडी पट्टा दाबून बसतो, कडा थोड्या चुरगळतात, पण पिन आत दबलेली राहते आणि सुटत नाही. सिलिकॉन किंवा जाड रबराचा मात्र दबत नाही, तो लगाला घासतो. कमी असेल तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही. पिनच्या दोन्ही टोकांना बारीक नाकं असतात, ती लगाच्या भोकात जेमतेम एक मिमी शिरतात. २० च्या जागेत १८ ची पिन लावली तर ही नाकं भोकाच्या काठावर नुसती टेकतात. घरात आठवडाभर काही होत नाही. मग एक दिवस बसच्या दांड्याला हात घासतो आणि घड्याळ खाली. अरुंद पट्टा वापरायचाच असेल तर निदान पिन लगाच्या मापाची घ्या. पट्टा इकडे-तिकडे सरकेल, पण पडणार नाही.

राहिली क्विक रिलीज पिन. चांगली सोय आहे, मीही वापरतो. पण जुन्या पट्ट्यात साधी स्प्रिंगची पिन असेल तर तो काढायला दुबेळक्याच्या टोकाचं अवजार लागतंच. अवजाराशिवाय भागतं ते दुसऱ्या वेळेपासून. दुबेळकं पट्टा आणि लग यांच्या फटीत घालून पिनच्या खांद्यावर अडकवायचं आणि आतल्या बाजूला ओढायचं. लगावर आधी सेलोटेप लावा, नाहीतर पहिला ओरखडा तुमचाच. हे सगळं टॉवेलवर करा, कारण पिन उडाली की फरशीवर सापडत नाही.

क्विक रिलीज पिनला पट्ट्याच्या आतल्या बाजूने एक छोटी दांडी बाहेर आलेली असते. ती आत ओढली की एकच नाक आत जातं, दुसरं जागेवरच राहतं. म्हणून आधी न हलणारं नाक भोकात बसवायचं, मग दांडी आत ओढून दुसरी बाजू लगांमध्ये आणायची आणि सोडायची. बक्कलाचा तुकडा बाराच्या बाजूला, भोकांचा सहाच्या. नाक भोकात गेलं की नाही हे दांडीच सांगते: ती पूर्ण बाहेरच्या टोकाला परत आली तर बसलं, मध्येच अडकली तर नाक अजून लगाच्या भिंतीवर आहे. नुसत्या «टिक» आवाजावर विश्वास ठेवू नका, अंथरुणावर धरून पट्टा दोनदा जोरात ओढा.

«कुठल्याही घड्याळाला» हे तर साफ खोटं. मघाचं एसकेएक्स००७ घ्या. त्याची मूळ पिन सुमारे २.५ मिमी जाड, नाक साधारण १.१ मिमीचं, आणि लगाची भोकंही त्याच मापाची. नेहमीच्या क्विक रिलीज पिनचं नाक ०.८ च्या आसपास असतं. २२ चा पट्टा मापात अचूक बसतो, दांडीही पूर्ण परत येते, पण हलवलं की पिन भोकात खुळखुळते. अशा घड्याळाला क्विक रिलीज नसलेला २२ चा पट्टा घ्या, पिन जाते ती टोकाची नळी मोठी असलेला, आणि त्यात घड्याळाची मूळ जाड पिन घाला. नळी घट्ट वाटली तर टूथपिक फिरवून थोडी सैल करा, चामडं तेवढं सोसतं. त्या मेसेजातली चामडं दबण्याची गोष्ट इथे मात्र खरी ठरते.