कंत्राटी कामं लपवा, हमखास धरसोडे ठरा

नोकरी शोधणाऱ्या बंधू-भगिनींनो, समजा तुम्ही चार वर्षं इमानेइतबारे कंत्राटी कामं केली आहेत, एकही काम अर्ध्यात टाकलेलं नाही, आणि तरीही तुमचा रिझ्युमे वाचणाऱ्याला 'हा माणूस एका जागी बूड टेकत नाही' असंच वाटावं, अशी तुमची मनापासून इच्छा आहे. मग हा लेख तुमच्यासाठीच. अशी इच्छा नाही म्हणता? तुमचे रिझ्युमे वाचून मला तसं वाटत नाही.

मध्यंतरी एका उमेदवाराची मुलाखत घेणाऱ्या पॅनेलवर मी होतो. मुलगी कामात तरबेज. टेस्टिंगमधले आडवेतिडवे प्रश्न विचारले, तिने न अडखळता उत्तरं दिली. पॅनेलने एकमताने निवडली, ऑफर लेटर गेलं, आणि मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा अहवाल आला: रिझ्युमेमधल्या चारही कंपन्यांच्या एचआरने कळवलं होतं की या नावाची कर्मचारी आमच्याकडे कधीच नव्हती. ऑफर रद्द. जागा गोठवली. तिने करायचं काम आता माझ्याच टीमच्या डोक्यावर. ती खोटारडी नव्हती, हे अजून दोन दिवसांनी कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तर तिच्यासारखंच यश तुम्हालाही मिळावं म्हणून काही अनुभवसिद्ध सल्ले.

'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द कुठेही उमटू देऊ नका. झाकली मूठ सव्वा लाखाची! आठ महिन्यांचं काम नुसतं 'टेस्ट इंजिनिअर' म्हणून लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडेल, आठव्या महिन्यात असं काय झालं? हाकललं, की भांडण झालं? हुद्द्यापुढे 'कंत्राटी, मुदत पूर्ण' एवढे तीन शब्द लिहिले असते तर तो प्रश्नच उरला नसता. पण मग रहस्य कसं टिकणार!

महिने लिहू नका, फक्त वर्षं लिहा. '२०२२–२०२३' म्हणजे दोन महिनेही असू शकतात आणि चोवीसही. वाचणारा नेहमी दोनच धरतो.

आता मुख्य सल्ला, म्हणजे ज्याने आमची जागा गोठली तो. तुम्हाला कामावर पाठवणाऱ्या आणि पगार देणाऱ्या एजन्सीचं नाव अजिबात घालू नका. तुम्ही बँकेच्या इमारतीत बसत होतात, गळ्यात बँकेचं ओळखपत्र होतं, बँकेच्या साहेबाने कामं सांगितली, मग कंपनी बँकच नाही का? पगार कुणाच्या खात्यातून येत होता, पगाराच्या पावतीवर नाव कुणाचं होतं, असल्या क्षुल्लक गोष्टींत कोण लक्ष घालतं? व्हेरिफिकेशनवाले घालतात. ते रिझ्युमेवरच्या कंपनीला विचारतात, आणि तिथला एचआर आपल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत बघतो. एजन्सीच्या पेरोलवरचा माणूस बहुतेक ठिकाणी त्या यादीत नसतोच. ज्या साहेबाने तुम्हाला वर्षभर राबवलं त्याला तुम्ही आठवत असाल, पण त्याला विचारतो कोण!

आमच्या उमेदवाराचाच हिशेब बघा. रिझ्युमेवर चार नोंदी. एका बँकेत जून २०२० ते जानेवारी २०२१, आठ महिने. मग एका विमा कंपनीत मार्च २०२१ ते फेब्रुवारी २०२२, बारा महिने. मग एका ऑनलाइन दुकानात मार्च ते ऑगस्ट २०२२, सहा महिने. शेवटी एका दूरसंचार कंपनीत ऑक्टोबर २०२२ ते डिसेंबर २०२३, पंधरा महिने. एकूण एक्केचाळीस महिन्यांत चार कंपन्या, म्हणजे एका ठिकाणी सरासरी दहा महिने. शिवाय मध्ये दोन फटी. आमच्या एचआरने पहिल्याच चाळणीत तिच्या नावापुढे 'धरसोड?' असं लिहून ठेवलं होतं. तिचं काम बघायचंच म्हणून मी हट्ट धरला, म्हणून ती मुलाखतीपर्यंत तरी आली.

आता खरी गोष्ट. पहिली तिन्ही कामं एकाच एजन्सीच्या पेरोलवर. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती बेंचवर, म्हणजे दोन कामांच्या मध्ये रिकामी होती आणि त्या महिन्याचाही पगार त्याच एजन्सीने दिला. म्हणजे जून २०२० ते ऑगस्ट २०२२ ही सलग सत्तावीस महिन्यांची एकच नोकरी! मग सप्टेंबरची खरी सुट्टी, आणि त्यानंतर दुसऱ्या एजन्सीकडे पंधरा महिने. दोन नोकऱ्या, सरासरी एकवीस महिने, एका महिन्याची एक फट. पुढे ऐका. विमा कंपनीतलं काम मुळात सहा महिन्यांचं होतं, त्यांनी ते आणखी सहा महिने वाढवलं. दूरसंचार कंपनीचं वर्षाचं होतं, तेही तीन महिने वाढवलं. दोन क्लायंटनी 'थांब, जाऊ नकोस' म्हणून सांगितलेली मुलगी, आणि कागदावर ती दिसते पळपुटी! मुदतवाढ मिळणं ही तर कंत्राटी माणसाला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी. ती तिने कुठे लिहिली होती? कुठेच नाही. त्याऐवजी 'टीम प्लेअर' असल्याचं मात्र दोनदा लिहिलं होतं.

हे सगळं चार ओळींत मावलं असतं. वर एजन्सीचं नाव, हुद्दा, 'कंत्राटी', जून २०२० ते ऑगस्ट २०२२. त्याखाली क्लायंट: बँक, आठ महिने, मुदत पूर्ण. विमा कंपनी, बारा महिने, सहा महिन्यांची मुदतवाढ. ऑनलाइन दुकान, सहा महिने, मुदत पूर्ण. आणि प्रत्येक ओळीत तिथे काय तपासलं ते. क्लायंटचं नाव सांगायची करारात मनाई असेल तर 'एक मोठी विमा कंपनी' म्हटलं तरी चालतं. एक बारकावाही आहे. 'पासून-पर्यंत' तारखा फक्त वरच्या, एजन्सीच्या ओळीत द्यायच्या आणि क्लायंटपुढे नुसते महिने लिहायचे. कारण रिझ्युमे अपलोड केल्यावर त्यातून फॉर्म आपोआप भरणारी सॉफ्टवेअर बऱ्याचदा तारखांची प्रत्येक जोडी म्हणजे वेगळी नोकरी असं समजतात, आणि तुमच्या एका नोकरीच्या परत चार होतात. म्हणून भरलेला फॉर्म पाठवण्याआधी वाचायचा असतो. पण वाचायचा कशाला? यंत्राने भरलाय म्हणजे बरोबरच असणार!

राहिलेले सल्ले पटकन उरकतो, डोकं तापायला लागलंय.

नोकरी सोडण्याचं कारण विचारलं तर प्रत्येक वेळी 'वैयक्तिक कारण' लिहा. चारदा वैयक्तिक म्हटलं की खात्रीच पटते.

तारखा काढून टाकून नुसत्या कौशल्यांची यादी असलेला रिझ्युमे बनवा. काहीतरी लपवलंय हे कळायला वाचणाऱ्याला मग दुसऱ्या पानापर्यंत जावं लागत नाही.

आणि ज्यांनी खरोखरच कायमच्या नोकऱ्या चार-चार महिन्यांत सोडल्या आहेत त्या महाभागांसाठी खास युक्ती: त्या सगळ्या 'स्वतंत्र सल्लागार' या मथळ्याखाली कोंबा. पगाराच्या पावत्या आणि नेमणुकीची पत्रं कुणी मागणारच नाही. तुम्ही क्लायंटला बिलं पाठवत होतात का, हेही कुणी विचारणार नाही. अगदी निर्धास्त राहा.

पुरे झाली थट्टा. आता सरळ सांगतो. तुमच्यासारख्यांमुळेच खऱ्या कंत्राटी माणसांकडे संशयाने बघतात. एकाच एजन्सीकडची कामं एकत्र लिहिणं ही लपवाछपवी नाही, ती खरी स्थिती आहे. कायमच्या नोकऱ्या तशा एकत्र करणं हा खोटेपणा आहे, आणि तो पहिल्याच पगारपत्रकात उघडा पडतो. इतका साधा फरक तुम्हाला कळत नाही असं नाही. तुम्हाला तो सोयीचा नाही. दोन कायमच्या नोकऱ्या लवकर सोडल्या असतील तर तशा लिहा, आणि विचारलं तर एका वाक्यात कारण सांगा: विभाग बंद झाला, सांगितलेलं काम आणि दिलेलं काम वेगळं होतं, जे असेल ते. एका वाक्यात म्हणजे एकाच. जुन्या साहेबाची उणीदुणी दहा मिनिटं ऐकायला आम्ही बसलेलो नसतो.

तीन महिन्यांची एखादी नोकरी रिझ्युमेमधून गाळायची असेल तर गाळा. रिझ्युमेमध्ये काय घ्यायचं ते तुम्ही ठरवता. पण कंपनीच्या फॉर्ममध्ये 'आजवरच्या सर्व नोकऱ्या' असं विचारलेलं असतं आणि खाली 'माहिती खरी आहे' म्हणून तुमची सही असते, तिथे ती लिहावीच लागते. रुजू झाल्यावर सापडली तर तीन महिन्यांच्या नोकरीमुळे नाही, त्या सहीमुळे काढतात. तेव्हा रडत आमच्याकडे येऊ नका.

कंत्राटं वेगवेगळ्या एजन्सींची असतील तर रिझ्युमेमध्ये 'कंत्राटी कामं' असा एक मथळा करून खाली ती ओळीने द्या, पण प्रत्येकापुढे त्या-त्या एजन्सीचं नाव हवंच, आणि फॉर्ममध्ये जितके पगार देणारे तितक्या नोंदी. तिथे सरासरी कमीच दिसेल. दिसू द्या. 'मुदत पूर्ण' हे शब्द तेवढ्यासाठीच आहेत. एजन्सी बंद पडायच्या आधी तिच्याकडून अनुभवपत्र घ्या, आणि त्यात क्लायंटचं नाव घालायला सांगा. काम संपलं त्याच आठवड्यात मागितलं तर मिळतं, तीन वर्षांनी फोन उचलायलाही कुणी नसतं.

आणि एचआरमधल्या मंडळींनो, तुम्ही हसू नका. चार याद्यांत नाव नाही म्हटल्यावर उमेदवाराला एक फोन करून 'तुमचा पगार कोण देत होतं?' एवढं विचारायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं? ती मुलगी पगाराच्या बेचाळीस पावत्या घेऊन बसली होती. तुमच्यापैकी एकानेही मागितल्या नाहीत. स्वतः सहा-सहा महिन्यांची कंत्राटं वाटायची आणि सहा महिन्यांनी बाहेर पडलेल्या माणसाला 'टिकत नाहीस' म्हणायचं, हे बोलताना जीभ कशी अडखळत नाही तुमची? ती जागा अजून रिकामी आहे, आणि त्या मुलीला दुसरीकडे काम मिळालंय. तेही कंत्राटी.