जीआय लोगो म्हणजे देवगडच?

"आंबे विकणाऱ्या साईटवर जीआयचा लोगो आहे, म्हणजे आंबा देवगडचाच ना?"

नाही हो, असं धरून चालू नका. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते पाच जिल्ह्यांना मिळून: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, त्यामुळे पालघरचा बागायतदारही नोंदणी करून तो लोगो लावू शकतो, त्यात फसवणूक काहीच नाही. आणि लोगोचं चित्र काय, कुणीही डाऊनलोड करून चिकटवतं! म्हणून विचारायचं ते त्या नोंदणीचा, म्हणजे ऑथोराईज्ड युजरचा नंबर आणि तो कुणाच्या नावावर आहे, बाग कुठल्या गावात आहे, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यायचं.

दुसरं, "झाडावर पिकलेला, आज तोडला उद्या घरी" असं लिहिलेलं दिसलं की मी तर साईटच बंद करते. हापूस तयार झाला की कच्चाच उतरवतात आणि पेंढ्यात आठ-दहा दिवस पिकायला ठेवतात, कडक हिरवट पेटी आली तर ती ताजी, घाबरू नका. पिनकोड मात्र पैसे भरायच्या आधी टाकून बघा, "ऑल महाराष्ट्र डिलिव्हरी" म्हणतात आणि आमच्या पेटीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवरून स्वतः उचलून आणावं लागलं.