सकाळी १८ वाजता पाणी बंद

आमच्या सोसायटीत छत्तीस फ्लॅट आहेत आणि सेक्रेटरी मी आहे. नागपुरात मे महिन्यात सेक्रेटरी असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. पाणी पाच तास बंद राहणार म्हणजे आंघोळ नाही, भांडी नाही, हे सगळं लोक सोसतात. पण कूलर कोरडा पडला की चांगला सुशिक्षित माणूससुद्धा खाली येऊन "काय चालवून राहिले तुम्ही हे?" असं विचारतो, आणि तेही चप्पल न घालता.

म्हणून टाकी सफाईची सूचना नीट जायला हवी. आधी ती लिफ्टजवळच्या फळ्यावर लागायची. पण निम्मे मालक पुण्या-बंगळुरात, भाडेकरू मिहानमधल्या कंपन्यांत शिफ्टवर, आणि फळ्यावर कोणीतरी ट्यूशनची जाहिरात चिकटवलेली. तेव्हा ठरलं की सूचना ईमेलने द्यायची, मराठीत आणि इंग्रजीत. ठरवायला दहा मिनिटं लागली. कोणती भाषा वर, यावर पावणेदोन तास.

अध्यक्षकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी सरळ स्टेशनच दाखवलं. "आपल्या नागपूर स्टेशनची पाटी पाहा. वर मराठीत नागपूर, दीर्घ. मग हिंदीत नागपुर, ऱ्हस्व. शेवटी इंग्रजी. इतक्या वर्षांत एक तरी माणूस चुकून वर्ध्याला उतरला का?" यावर कोणाला काही बोलता आलं नाही. मलाही नाही. मराठी वर, ठराव मंजूर, चिवडा संपला.

काकांचा मुद्दा कुठे लंगडा होता ते कळायला मला तीन ईमेल लागले. पाटी एका नजरेत सगळी दिसते. गाडीतून बघणारा आपली ओळ उचलतो आणि बाकीच्या दोन सोडून देतो. ईमेल तसा दिसत नाही. तो दाराच्या भिंगातून दिसतो. फोनवर आधी विषय दिसतो, त्यातलीही तीसचाळीस अक्षरंच, मग त्याखाली फिक्या रंगात मजकुराची पहिली ओळ. एवढ्यावरच माणूस ठरवतो की दार उघडायचं की नाही.

पहिल्या ईमेलमध्ये मी मराठी वर ठेवली आणि इंग्रजीवाल्यांची गैरसोय नको म्हणून अगदी माथ्यावर इंग्रजीत एक नम्र ओळ टाकली, की इंग्रजी मजकूर खाली आहे. कॅनडात इंग्रजी-फ्रेंच सरकारी ईमेलवर अशीच ओळ असते असं माझ्या भाच्याने सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे. पण ती ओळ पहिली असल्यामुळे छत्तीसच्या छत्तीस जणांच्या फोनवर विषयाखाली तेवढीच दिसली. पाणी, रविवार, टाकी, यातलं काहीच नाही. तिसऱ्या माळ्यावरच्या काकू म्हणाल्या, "इंग्रजी दिसला, मला वाटलं बँकेचा असेल. उघडलाच नाही मी." म्हणजे मराठी वर ठेवून मी मराठी माणसालाच दारातून परत पाठवलं होतं.

दुसऱ्या वेळी मी हुशारी केली. भांडणच नको, दोन्ही भाषा शेजारीशेजारी. दोन खणांचा तक्ता, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. माझ्या लॅपटॉपवर तो लग्नपत्रिकेसारखा देखणा दिसला. फोनवर प्रत्येक खण दोन बोटांचा झाला. 'पाणीपुरवठा' हा शब्द त्या खणात मावेना, तो शेजारच्या इंग्रजी खणाच्या अंगावर गेला. खणात एका ओळीत एक शब्द, त्यामुळे सूचना उभी वाढत चिंचेच्या शेंगेसारखी खाली लोंबू लागली. अध्यक्षकाकांनी ती आडवी वाचली, म्हणजे एक शब्द मराठी, एक शब्द इंग्रजी, आणि मला फोन करून म्हणाले, "हे तर आपण रोज बोलतो तसंच झालं ना!"

तिसरा ईमेल मात्र खरोखर नीट होता. वर मराठी, खाली इंग्रजी, आणि मध्ये सीमारेषा म्हणून मी दोन छोट्या रेघा मारून पुढे एक जागा सोडली. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी हैदराबादचा भाडेकरू भेटला. मुलगा अत्यंत सभ्य. म्हणाला, "सर, आपकी सिग्नेचर बहुत लंबी है." मी चक्रावलो. त्याने लॅपटॉप उघडून दाखवलं. माझा सगळा इंग्रजी मजकूर राखाडी झाला होता, अगदी पुसट. त्याने उत्तर द्यायला बटण दाबलं तर तो मजकूर गायबच झाला. मग कळलं की ईमेलच्या जुन्या रिवाजात ओळीवर एकट्या दोन रेघा आणि त्यांच्यापुढे एक रिकामी जागा, याचा अर्थ 'इथून खाली सही' असा होतो. सगळे प्रोग्राम तो रिवाज पाळत नाहीत, पण त्याचा पाळत होता. बिचाऱ्याने नोकरीचं ठिकाण, पदवी, फोन नंबर असेल म्हणून वाचलंच नाही. मी ती पुढची जागा गाळायला हवी होती, किंवा सरळ ठिपक्यांची ओळ काढायला हवी होती. एका रिकाम्या जागेने नऊ घरांचं इंग्रजी पुसलं.

नऊ हा आकडा मी नंतर मोजला. छत्तीसपैकी नऊ घरांना मराठी वाचता येत नाही. चार घरांना इंग्रजी सुधरत नाही. राहिलेल्या तेवीसांना दोन्ही येतात, आणि वर कोणती भाषा यावरून पावणेदोन तास भांडले ते नेमके हेच तेवीस. त्यांना काय, वर उर्दू ठेवली असती तरी ते आपली ओळ शोधून काढणार! प्रश्न तेरांचाच होता. त्यातही नऊजण नोकरीवाले, खाली सरकवत जायची बोटांना सवय. चार घरं म्हाताऱ्यांची. पडद्यावर जे दिसलं तेवढंच त्यांच्यासाठी पत्र, त्याच्याखाली काही असतं यावर त्यांचा विश्वास नाही. तेव्हा मराठी वर हा ठराव बरोबरच निघाला, फक्त त्याचं कारण रेल्वे नव्हतं.

इतकं ज्ञान झाल्यावर आला मे. टाकी सफाई रविवार ११ मे, सकाळी ११ ते दुपारी ४. मजकूर लिहून तयार, दोन्ही भाषांत, मध्ये ठिपके. पाठवणार तोच सफाईवाल्याचा फोन, "भाऊ, अकराले जमत नाही, घरी लगन आहे. अठराले येतो." ठीक आहे. मी संगणकाला सांगितलं, जिथे जिथे ११ आहे तिथे १८ कर. त्याने केलं. मी पाठवलं आणि निवांत संत्रं सोलत बसलो.

संगणक आज्ञाधारक असतो, पण तेवढाच. मी शोधायला लावला होता देवनागरी ११. तारखेतला ११ त्याने १८ केला, आणि वेळेतलाही केला. मराठी सूचना अशी गेली: रविवार १८ मे, सकाळी १८ ते दुपारी ४ पाणी बंद. इंग्रजीतले आकडे त्याच्या लेखी वेगळी अक्षरं, त्यांना त्याने हात लावला नाही. इंग्रजी सूचना अशी गेली:

```
Sunday 11 May, 11 am to 4 pm
```

म्हणजे मराठीत तारीख बरोबर, वेळ चूक. इंग्रजीत वेळ बरोबर, तारीख चूक. दोन्ही भाषा येणाऱ्याने दोन्ही वाचून दोन्हीतलं योग्य तेवढं उचललं असतं तर सूचना बिनचूक होती. पण दोन्ही भाषा येणारा माणूस दोन्ही कशाला वाचेल?

११ तारखेला नऊ घरांनी बादल्या, टब, प्रेशर कुकर, लहान मुलाचा पोहायचा रबरी हौद, सगळं भरून ठेवलं. दिवसभर नळ धो धो चालू. संध्याकाळी त्यांनी ते पाणी झाडांना घातलं. १८ तारखेला अकराला नळ बंद झाले. साडेअकराला हैदराबादचा मुलगा टॉवेल गुंडाळून, डोक्याला फेस, जिन्यात उभा. त्याही स्थितीत तो सर म्हणाला, हे मला जास्त लागलं. त्याच वेळी काकू वरून ओरडल्या, "अरे, तू तर अठरा वाजता लिहिलं होतं! मी म्हटलं, संध्याकाळी सहा. कूलर भरायचा राहिला ना बापा माझा!" काकूंचं गणित बरोबर होतं. बाहेर उन्हाचा वणवा आणि जिन्यात मी, दोन भाषांच्या मध्ये.

त्या रात्री मी सूचनेची मांडणी पुन्हा केली. आता तारीख आणि वेळ एकदाच लिहितो, दोन्ही भाषांच्या वर, एका चौकटीत, आणि एकाच जातीच्या आकड्यांत. खालच्या मजकुरात तारीख पुन्हा येतच नाही, 'वर दिलेल्या दिवशी' एवढंच. बदल झाला तर मजकुरात एकाच जागी. विषयातही आकडा आधी, कारण तो कोणत्याही भाषेच्या माणसाला वाचता येतो आणि फोनने शेपूट कापलं तरी तो उरतो:

```
15/6, 11-4 पाणी बंद / Water off
```

पहिली ओळ मराठीत, आणि तीत खरी बातमी. दुसऱ्या ओळीत तीच बातमी इंग्रजीत, शेवटी 'सविस्तर खाली' हे इंग्रजीत. मग ती चौकट, मग सगळी मराठी, मग ठिपके, मग जाड अक्षरांत इंग्रजी हा मथळा आणि सगळं इंग्रजी. पाठवण्याआधी तो स्वतःला पाठवायचा, फोनवर उघडायचा, आणि बायकोला फक्त इंग्रजी भाग वाचायला द्यायचा, मराठी भाग झाकून. ती विचारते, "हे कायचं पाणी?" तर पुन्हा लिहायचं. झाकल्याशिवाय चूक सापडत नाही, कारण माणूस वरून कळलेलं खाली वाचतो.

जूनचा ईमेल असा गेला. रविवारी एकही माणूस जिन्यात आला नाही. सोमवारी अध्यक्षकाकांचं उत्तर आलं, ठरावाला धरून दोन्ही भाषांत. वर मराठीत होतं, "सूचना मिळाली. मांडणी उत्तम. अभिनंदन." खाली ठिपक्यांची ओळ, आणि ठिपक्यांखाली:

```
Kindly meet me in the evening.
```

मी दोन्ही वाचलं. दुपारभर विचार करत बसलो की यातलं मूळ कोणतं आणि भाषांतर कोणतं.