आदिमानवाच्या क्विझमध्ये पाठांतर नको, पाऊलखुणा द्या

«तिसरी ते पाचवीच्या पोरांना आदिमानवाची क्विझ घ्यायची तर गोष्टी-चित्रांत वेळ घालवू नका. तीनच प्रश्न पाठ करून घ्या. माणूस कोणापासून झाला? माकडापासून. कुठे राहायचा? गुहेत. आग आणि चाक कोणी शोधलं? आदिमानवाने. पुरावा-बिरावा एवढ्या वयात कळत नाही, चित्र म्हणजे नुसती सजावट.» (शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

गेली कित्येक वर्षं मी नागपुरात प्राथमिकच्या मुलांना शिकवते, त्यांच्या प्रश्नमंजूषाही काढते. हा मेसेज मला एका महिन्यात चार ग्रुपवर आला. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला माकडाचा. हे उत्तर पाठ झालेल्या वर्गात हमखास एक हात वर येतो: "मग मॅडम, आताची माकडं अजून माकडंच कशी?" पोराचा प्रश्न अगदी बरोबर आहे, चूक आपल्या उत्तरात आहे. चिंपांझी आपला आजोबा नाही, तो आपला लांबचा भाऊ लागतो. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी त्याचे आणि आपले पूर्वज एकच होते, पुढे वाटा फुटल्या. हे तिसरीच्या मुलाला मावसभावावरून लगेच कळतं. तुझी आणि मावसभावाची आजी एकच, पण तू मावसभावापासून झालास का? वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत ओळीने चालणारी सहा चित्रं क्रमाने लावायचा प्रश्न म्हणूनच मी कधीच घेत नाही. त्या रांगेत निअँडरथल नावाचा दुसरा मानव आपल्या मागे उभा असतो. खरं तर तो सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता आणि आपली जात त्याआधीच, जवळपास ३ लाख वर्षांपासून, पृथ्वीवर होती. दोघं एकाच काळात राहिले. रांगेऐवजी फांद्या फुटलेलं झाड काढा आणि विचारा, "या दोन फांद्या कुठे मिळतात? बोट ठेव."

गुहेचं उत्तर टिकतं, कारण गुहेत वस्तू टिकतात. मी दोन चित्रं दाखवते, एक गुहा आणि एक नदीकाठची पानांची झोपडी. प्रश्न असा: "दोन्ही ठिकाणी माणसं राहिली. हजारो वर्षांनी खुणा कुठे सापडतील?" आपल्याकडचा एक पावसाळा डोळ्यासमोर आणला की मुलं गुहा म्हणतात. मग पुढचा प्रश्न, "म्हणजे सगळे गुहेतच राहायचे का?" इथे वर्ग थांबतो, विचार करतो. भारतातली सगळ्यात प्रसिद्ध आदिमानवाची कवटी आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, हथनोऱ्याला सापडली. १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना ती मिळाली ती नर्मदेकाठच्या गाळ-गोट्यांच्या थरात, गुहेत नव्हे.

आग आणि चाक एका दमात म्हणायला सोपं, पण त्यांच्यातलं अंतर मुलांना दिसलं पाहिजे. त्यासाठी मी सुतळी वापरते. एक सेंटिमीटर म्हणजे हजार वर्षं. आजपासून मागे मोजायला लागलं की चाक साडेपाच सेंटिमीटरवर येतं, बोटभर अंतर. आपल्या जातीचा माणूस तीन मीटरवर. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत जळालेल्या वनस्पतींची राख आणि भाजलेली हाडं सापडली आहेत, ती दहा मीटरवर, म्हणजे १० लाख वर्षांपूर्वीची. ही राख गुहेच्या तोंडापासून बरीच आत होती, तिथे वीज पडून वणवा लागत नाही. कोणीतरी आग आत नेली किंवा आत राखली. आग राखणं आणि आग पेटवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि राख पाहून त्यांतलं कोणतं झालं ते सांगता येत नाही. आग कोणा एकाने "शोधली" असा प्रश्नच बसत नाही. चाक तर शेती करणाऱ्या, गावं वसवलेल्या माणसांचं. दगडी हत्यार घेतलेल्या माणसाच्या शेजारी चाक काढलेलं चित्र फळ्यावर लावू नका, मुलं तेच वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. कोणी डायनोसॉर विचारलाच तर तो याच मापाने ६६० मीटरवर, शाळेचं फाटक ओलांडून पार चौकात.

आता पुराव्याचं. मुलांना पुरावा कळत नाही हे वाक्य नागपुरात तरी म्हणू नये. इथल्या नव्या सिमेंट रोडवर कुत्र्याचे पंजे उमटलेले प्रत्येक मुलाने पाहिलेत. मी गोष्ट तिथूनच सुरू करते. सिमेंट ओलं होतं, कुत्रं गेलं, सिमेंट वाळलं, पंजे राहिले. मग टांझानियातलं लाएटोली. ज्वालामुखीची बारीक राख पडली, वर पावसाची हलकी सर आली, राख ओल्या सिमेंटसारखी झाली. प्राणी गेले, पक्षी गेले आणि दोन पायांवर चालणारे काही जण गेले. वरून पुन्हा राख पडली आणि ठसे झाकले गेले. सुमारे साडेछत्तीस लाख वर्षांनी, १९७८ मध्ये, संशोधक मेरी लीकी यांच्या पथकाला ती पावलांची ओळ सापडली. जवळपास २७ मीटर लांब. राखेवर पावसाच्या थेंबांचे खड्डेसुद्धा राहिले आहेत. हे सांगितलं की वर्ग अगदी शांत होतो.

गोष्ट इथेच थांबवायची आणि ठशाचं मोठं चित्र लावायचं. प्रश्न: "हे ठसे पाहून काय नक्की सांगता येईल?" पर्याय तीन. एक, ते दोन पायांवर चालत होते. दोन, ते शिकारीला निघाले होते. तीन, त्यांच्या हातात दगडी कुऱ्हाड होती. पहिला बरोबर, पण गुण द्यायचे ते "कशावरून?" या पुढच्या प्रश्नाला. मुलं चित्राजवळ येतात आणि दाखवतात की टाच खोल गेली आहे, अंगठा बाकी बोटांच्या रांगेत आहे, हाताचा ठसा कुठेच नाही. दुसरा पर्याय निवडणारं मूल गोष्ट स्वतः पुढे रचतंय. तिसरा निवडणाऱ्याने बहुतेक कुठल्या तरी चित्रात कुऱ्हाड पाहिलेली असते, कारण आजवर सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारंही या ठशांनंतरची, सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. चुकीच्या पर्यायावरूनही मुलाच्या डोक्यात काय बसलंय ते कळतं. "माकडापासून" हे एका शब्दाचं उत्तर तपासताना यातलं काहीच हाती लागत नाही.

एक जपायचं. गोष्टीत आपण घातलेलं आणि ठशांत सापडलेलं, दोन्ही एकाच आवाजात सांगितलं की मुलं फरक करत नाहीत. मी एकदा "आईने बाळाचं बोट धरलं होतं" असं सांगून बसले आणि पुढच्या क्विझमध्ये अर्ध्या वर्गाने तेच उत्तर लिहिलं. तेव्हापासून मनाने घातलेल्या प्रत्येक वाक्याआधी "असं असेल का?" म्हणते, आणि मुलंही तसंच म्हणायला लागली आहेत.

मागच्या खेपेला चौथीतल्या एका मुलीने ठशांचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, थ्यायच्या मागं कुत्रं काऊन नाही?" मी तिच्या हातात सुतळी दिली आणि सांगितलं, माणसाजवळ राहणारं कुत्रं चौदा सेंटिमीटरच्या आसपास दिसायला लागतं. तिने चौदावर गाठ मारली, मग सुतळीचं दुसरं टोक धरून व्हरांड्यातून साडेछत्तीस मीटर चालत गेली आणि तिथून ओरडली, "इतकं दूर?"