पोच मिळाली, स्टॉप मिळेना

वॉटरप्रूफिंगवाल्याचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं गच्ची परत गळायला लागली. पण तसं नव्हतं, चेक हरवला होता. ४८,६०० रुपयांचा, आमच्या सोसायटीचा, खजिनदार म्हणून माझी आणि सेक्रेटरी म्हणून कुलकर्णी काकूंची सही असलेला. आणि हा माणूस सांगत असा होता की जणू आम्ही सगळ्यांनी मिळून तो हरवलाय. "साहेब, तो चेक काय दिसत नाहीये हो. दुसरा लिहून ठेवा, संध्याकाळी येतो."

मी म्हटलं अहो, दुसरा लिहिला आणि उद्या पहिला सापडला तर? दोन्ही वटतील ना. आधी पहिल्याला स्टॉप मारायला लागतो. तर म्हणे "एवढंच ना, मीच बँकेत फोन करून बंद करतो." आता ह्याला कोण सांगणार की चेक ज्याच्या नावाने आहे त्याला आमच्या बँकेत कुत्रंही विचारत नाही. पैसे थांबवायचा हुकूम फक्त चेक लिहिणाऱ्यानेच द्यायचा असतो.

चेक क्रॉस केलेला होता, अकाउंट पेयी लिहिलेलं होतं आणि 'बेअरर' खोडलेलं होतं, त्यामुळे रस्त्यावर कुणाला सापडला तरी काउंटरवर जाऊन नोटा मोजून घेता येणार नव्हत्या, तो त्याच नावाच्या खात्यातच भरावा लागला असता. ह्या विचाराने मला जरा बरं वाटत होतं तेवढ्यात हा म्हणाला की त्या फर्मच्या नावाने दोन खाती आहेत आणि एक भाऊ बघतो, आणि भावाने गाडीच्या डिकीतले कागद "उचलून नेलेत बहुतेक". म्हणजे भीती चोराची नव्हतीच, भावाची होती.

आणि हल्ली वेळही कमी असतो. पूर्वी चेक भरला की कसं, आज भरला तर उद्या काहीतरी होणार, मधे एक रात्र तरी हातात असायची. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर चालू झालं. जसजसे चेक भरले जातात तसतशी त्यांची स्कॅन केलेली छबी आपल्या बँकेकडे येते, आणि आपल्या बँकेने संध्याकाळी सातच्या आत पास की परत ते सांगायचं. ह्यातली खरी गंमत पुढे आहे. बँकेने काहीच सांगितलं नाही तर तो चेक पास झाला असं धरतात. आणि आमची बँक काहीच न सांगण्यात किती तरबेज आहे ते मी गेली अनेक वर्षं बघतोय.

नेटबँकिंगवर स्टॉपचं बटण असतं, पण ते तुमच्या-माझ्या घरच्या खात्याला. सोसायटीचं खातं दोन सह्यांचं, त्याला नेटवर फक्त बघता येतं, करता काही येत नाही. मग बघितलं तरी, निदान पैसे गेले नव्हते. कस्टमर केअरच्या मुलीनेही गोड आवाजात हेच सांगितलं, "सर लेटर लागेल, दोन्ही सिग्नेटरी आणि स्टॅम्प." मग लेटरहेड काढलं, खाते नंबर, चेकची तारीख, रक्कम, कुणाच्या नावाने, कारण 'हरवला', आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेक नंबर. काकूंनी वाचून लगेच दुरुस्ती सुचवली की नंबर चुकलाय, इथे तर नऊ आकडे आहेत. चेकच्या खालच्या त्या चौकोनी-चौकोनी अक्षरांत पहिले सहा आकडे चेकचा नंबर असतो, नंतरचे नऊ शहर, बँक आणि शाखेचे. हे मी त्यांना भजनी मंडळाच्या हॉलबाहेर, आत टाळ वाजत असताना, ओरडून समजावलं. सही मिळाली. आमचा नंबर होता ०००४१३, काउंटरफॉईलवर पण तोच आणि कॉन्ट्रॅक्टरने व्हॉट्सअॅपवर फोटो काढून ठेवला होता त्यातही तोच. (चेक नीट सांभाळता येत नाही पण फोटो मात्र सुंदर काढला होता.)

बँकेत मॅडमनी पत्र घेतलं, माझ्या कॉपीवर 'मिळाले'चा शिक्का धपकन मारला आणि म्हणाल्या "झालं."

"स्टॉप झाला?"

"पोच दिली ना तुम्हाला."

मी म्हटलं मॅडम, ही पोच सांगते की कागद तुमच्याकडे आला. चेक थांबला असं कुठे लिहिलंय ह्यात? शिवाय तुमच्या शिक्क्यात नुसती तारीख आहे, वेळ नाही. समजा आज तीन वाजता कुणी चेक भरला आणि तो पास झाला, तर उद्या आपण भांडणार की पत्र आधी आलं का चेक आधी आला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी लॉकरची दुसरी चावी मागितली. पण पेन घेतलं आणि शिक्क्याच्या बाजूला ११.४० लिहून सही केली. हे मात्र कुणालाही सांगतो, पोचेवर वेळ लिहून घ्याच, ह्यासाठी वाद झाला तरी चालेल.

आता मुख्य मागणी. मला बँकेच्या लेटरहेडवर हवं होतं की हा चेक आजवर वटलेला नाही आणि त्यावर अमुक वेळी स्टॉप नोंदवलाय. माझी हौस नव्हती हो. आमचे ऑडिटर असे आहेत की बँक रिकन्सिलिएशनमध्ये 'दिला पण वटला नाही' असा एक चेक दिसला की त्यांच्या डोळ्यात चमक येते, आणि त्याच कामाचं पेमेंट दुसऱ्यांदा केलेलं दिसलं तर कमिटीला समोर बसवतात.

"असं लेखी आम्ही कुणाला देत नाही," मॅडम म्हणाल्या.

शेजारच्या काउंटरवरचे साहेब मदतीला आले. त्यांचा सल्ला होता की एवढी धावपळ कशाला, तीन महिने थांबा, चेक आपोआप शिळा होतो. बरोबरच आहे ते, १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तारखेपासून तीनच महिने आहे. पण तीन महिने कॉन्ट्रॅक्टर माझ्या दारात बसणार होता, साहेबांच्या नाही. मग ते म्हणाले पोलिसात तक्रार द्या. मग म्हणाले स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्या. शंभरचा स्टॅम्प पेपर ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झालाय, म्हणजे स्वतःचेच पैसे स्वतःच्याच खात्यातून जाऊ नयेत म्हणून मी पाचशे रुपये भरून स्वतःचीच हमी द्यायची. मी विचारलं हा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा, आत्ता भरतो. ते चहा प्यायला गेले.

शेवटी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. तिथे मी एक युक्ती केली, मजकूर मीच टाइप करून नेला होता. बँकेत लोकांना सही करायला फारसा त्रास नसतो, वाक्य बनवायला असतो. मजकूर चारच ओळींचा: खाते नंबर, चेक नंबर, रक्कम आणि तारीख, हा चेक आज अमुक वाजेपर्यंत वटलेला नाही, त्यावर अमुक वाजता स्टॉप पेमेंट नोंदवले आहे. नंबराची आणि वेळेची जागा मुद्दाम रिकामी ठेवली. मॅनेजर म्हणाले नंबर तुम्हीच भरून आणा ना. मी म्हटलं नाही, तुम्ही सिस्टीममध्ये बघून भरा, माझ्या पत्रावरून नको. ह्यावर ते थोडे नाराज झाले पण त्यांनी स्क्रीन उघडली, बघितलं, भरलं, सही केली, गोल शिक्का मारला. मी कागद घेतला, बाहेर बाकावर बसून वाचला.

चेक क्रमांक ०००४३१.

मी परत वाचला. मग परत आत.

म्हणजे झालं असं होतं की मॅडमनी स्टॉप मारला होता हे खरंच होतं, वेळ पण ११.५२ होती, सगळं चोख, फक्त चेक दुसराच. ४१३ चं ४३१ झालं होतं. आणि कॉम्प्युटरने काही कुरकुर केली नाही कारण ४०१ ते ४५० हे पन्नास पानांचं चेकबुक आमच्याच खात्याचं, ४३१ अजून वापरलेला नाही, सोसायटीच्या कपाटात कोरा पडून आहे. ४१३ तिकडे मोकळा फिरत होता, बहुतेक भावाच्या पिशवीत. नुसती ती शिक्क्याची पोच घेऊन घरी गेलो असतो तर मी आनंदाने दुसरा चेक लिहिला असता, आणि काही दिवसांनी लाइट बिलाला ४३१ दिला असता तो 'पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर' असा शेरा घेऊन परत आला असता, आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी मला विचारलं असतं की तुम्हीच का थांबवलं.

मॅडम म्हणाल्या "टायपिंग मिस्टेक." बरं. ४१३ वर माझ्यासमोर स्टॉप मारला, नवीन पत्र झालं, ह्यावेळी मॅडम, मॅनेजर आणि मी असे तिघांनी सहाही आकडे मोठ्याने वाचले, रांगेतल्या एका आजोबांनी पण वाचले. मग कॉन्ट्रॅक्टरचे पैसे एनईएफटीने पाठवले, कारण मला आयुष्यात परत त्याच्या हातात चेक द्यायचा नाहीये. त्याच्याकडून लेखी पण घेतलं की जुना चेक सापडल्यास भरणार नाही, परत करेन. तो म्हणाला "साहेब, एवढ्याश्या गोष्टीला किती कागद."

राहिला ४३१. त्यावरचा स्टॉप काढायचा तर परत लेटरहेड, परत दोन सह्या, परत भजनी मंडळ. काकू म्हणाल्या राहू दे, त्यावर आडवं 'रद्द' लिहू आणि काउंटरफॉईलला पिन करून ठेवू, ऑडिटरला दाखवायला. ते केलं.

पासबुक भरून आणलं तेव्हा दिसलं की स्टॉप पेमेंट चार्जेस दोनदा कापलेत, शंभर अधिक जीएसटी असे ११८ आणि परत ११८. परत मॅडमकडे गेलो. म्हटलं एक तर तुमच्या चुकीचा आहे, तेवढा तरी परत द्या.

"मारला तर होता ना स्टॉप, चार्ज लागणारच," मॅडम म्हणाल्या. मग मी ते पहिलं, ४३१ वालं पत्र पिशवीतून काढून पुढे ठेवलं, बँकेच्याच लेटरहेडवरचं, गोल शिक्क्यासकट. त्या बराच वेळ ते बघत होत्या.

"ठीके, रिव्हर्स होईल," त्या म्हणाल्या. "पण अर्ज लेखी लागेल. दोन्ही सह्या आणि सोसायटीचा शिक्का."