चांदणीकडे लक्ष देऊ नका

कंपनी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात जिनिंग-प्रेसिंग काढते आहे, उद्या पत्रकार परिषद आहे आणि मुख्य कार्यालयाचं सादरीकरण आज रात्री तुमच्या हाती पडलं आहे. घाबरू नका. साहेबांसाठी बोलण्याचे मुद्दे काढायचे म्हणजे स्लाइडवरचं ठळक वाक्य उचलायचं आणि उद्गारचिन्ह खोडायचं, बस.

सगळ्यात ठळक आहे '५०० रोजगार'. तोच पहिला मुद्दा. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत 'प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष, पूर्ण क्षमतेवर' असं काहीतरी पुटपुटते. मनुष्यबळ विभागाला फोन केलात, तर कायम माणसं ६०, हंगामी २०० आणि उरलेले २४० म्हणजे ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले नि फाटकाबाहेरचा चहावाला, असं निघायचं. मग 'कायम ६०, हंगामात आणखी २००' लिहावं लागेल. ते खरं असेल, कुणी खोडूनही काढू शकणार नाही, पण फ्लेक्सवर शोभत नाही. तेव्हा फोन करूच नका.

'रोज ३०० गाठी' हाही झकास मुद्दा. गाठ १७० किलो रुईची, तिला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, म्हणजे दिवसाला दीड हजार क्विंटल. हा गुणाकार तुम्ही कशाला करता? तालुका वार्ताहर करेल. त्याच्या स्वतःच्या घरी कापूस पडलेला असतो. "मार्चनंतर एवढा कापूस कुठून आणसान साहेब? आन् तवा ह्या पोट्ट्यायनं काय करा?" असं तो विचारेल, आणि पहिला मुद्दा दुसऱ्या मुद्द्यानेच मारला, हे सर्वांसमोर कळेल.

'संभाव्य प्रश्न' या पानावर तुम्हाला आवडणारे प्रश्न घाला. 'विदर्भच का निवडला?' 'बळीराजाविषयी आपली भावना काय?' यांची उत्तरं लांबलचक लिहा.

तिसरा मुद्दा 'शेतकऱ्याला योग्य भाव' असा सुटसुटीत ठेवा. वार्ताहर विचारेल, "योग्य म्हंजे हमीभावाच्या वर का खाली? ओल किती धरसान?" २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि आठ टक्क्यांवर ओल गेली की कटती, हे इथे पानठेल्यावरही ठाऊक असतं. खरेदी विभागाकडून आदल्या रात्रीच दोन ओळींचं उत्तर घेता आलं असतं. पण तुम्ही 'बाजारानुसार' लिहून झोपा.

अगदीच अडलं तर साहेबांनी म्हणावं, "माहिती घेऊन कळवतो." कोण कळवणार, कुणाला, किती वाजेपर्यंत, यातलं काहीही लिहू नका. तालुक्याची बातमी संध्याकाळीच जिल्ह्याला जाते. खरेदी विभागाचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी येतं. तोवर 'भावाबाबत कंपनीचे मौन' छापून आलेलं असतं, शेजारी नारळ फोडणाऱ्या साहेबांचा चार कॉलमी फोटो.