धावपट्टीवरचा ‘32’ म्हणजे नागपूर नव्हे

“काल रात्री आपल्या नागपूर विमानतळावर दोन विमाने एकाच धावपट्टीवर समोरासमोर आली, बातमी दडपली आहे. पुरावा फोटोत पाहा. धावपट्टीवर 32 लिहिले आहे, हा फक्त नागपूरचा नंबर आहे. दुसऱ्या फोटोत धोक्याची लाल पाटी दिसते. शेपटीच्या रंगावरून कंपनी ओळखा. व्हीटी लिहिले आहे म्हणजे विमान भारतातच आहे. सर्वांना पाठवा.”

हा मजकूर खामल्यात राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने मुलीला बंगळुरूचे तिकीट रद्द करायला लावले. पैसे गेले, मुलीची मुलाखतही हुकली. म्हणून आलेले दोन्ही फोटो मोठे करून नीट पाहिले आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण वैमानिकांसाठी जी माहिती प्रसिद्ध करते, तिच्याशी ताडून घेतले. तिला एआयपी म्हणतात, ती इंटरनेटवर खुली आहे आणि प्रत्येक विमानतळाच्या धावपट्ट्यांचे क्रमांक, लांबी व दिशा तिच्यात दिलेल्या असतात.

पहिला मुद्दा आकड्याचा. धावपट्टीवरचा आकडा विमानतळाचा नसून दिशेचा असतो. उतरताना किंवा उडताना विमानाचे नाक होकायंत्रावर ज्या अंशाकडे असते, तो अंश जवळच्या दहापर्यंत पूर्ण करून शेवटचे शून्य गाळले की हा आकडा मिळतो. 320 अंशांच्या आसपास, म्हणजे वायव्येकडे तोंड असेल तर 32. तीच पट्टी दुसऱ्या टोकाकडून वापरली तर दिशा उलटी होते, म्हणून तिथे 14 लिहिलेले असते आणि दोन्ही टोकांच्या आकड्यांत नेहमी 18 चा फरक असतो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या आपल्या धावपट्टीचे नाव 14/32 आहे, इतके त्या मजकुरात खरे आहे. पण मुंबईची दुसरी धावपट्टीही 14/32 आहे आणि तिरुवनंतपुरमचीही 14/32 आहे. त्या दिशेने बांधलेल्या जगातल्या कोणत्याही पट्टीवर हाच आकडा येणार.

मग फोटोतली पट्टी कोणती? पहिला फोटो उतरणाऱ्या विमानाच्या डाव्या खिडकीतून काढलेला आहे. खाली 32 हा पांढरा आकडा आहे, त्याच्या अलीकडे पट्टीचा आरंभ दाखवणारे लांब पांढरे पट्टे आहेत, आणि ही पट्टी पुढे जाऊन दुसऱ्या एका धावपट्टीला छेदते. एवढ्या एका गोष्टीवर हा दावा कोसळतो, कारण नागपूरला एकच धावपट्टी आहे. तिला छेदणारी दुसरी पट्टी इथे नाही. तिरुवनंतपुरमलाही एकच आहे, शिवाय तिथे समुद्र धावपट्टीला लागूनच आहे. मुंबईत मात्र 14/32 ही पट्टी मुख्य 09/27 पट्टीला छेदते, आणि पूर्वेकडून 27 वर उतरणाऱ्या विमानाच्या डाव्या बाजूलाच 32 चे टोक येते. फोटोत कुंपणाला खेटून असलेली घरांची दाटी दिसते, तीही मुंबईलाच जुळते.

आता त्या “समोरासमोर” आलेल्या विमानांकडे पाहू, कारण सगळी भीती तिथून पसरली आहे. जमिनीवरच्या रंगाचा अर्थ ठरलेला आहे. बहुतेक सगळ्या देशांत धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या असतात आणि टॅक्सीवेवरच्या, म्हणजे विमान धावपट्टीपर्यंत ज्या रस्त्याने जाते त्याच्यावरच्या, पिवळ्या. फोटोतले एक विमान पांढऱ्या मधल्या रेषेवर आहे, म्हणजे ते धावपट्टीवर आहे. दुसऱ्याच्या नाकाखालची रेषा पिवळी आहे आणि त्याच्या पुढे आडव्या पिवळ्या रेषांचा जोड दिसतो. त्यात विमानाच्या बाजूच्या दोन रेषा सलग आणि धावपट्टीच्या बाजूच्या दोन तुटक असतात. सलग रेषांच्या बाजूने आलेल्या वैमानिकाने टॉवरची परवानगी मिळेपर्यंत तिथेच थांबायचे, असा तिचा अर्थ आहे. म्हणजे एक विमान धावपट्टी वापरत होते आणि दुसरे नियमाप्रमाणे थांबून आपल्या पाळीची वाट पाहत होते. झूम केलेल्या फोटोत दूरच्या वस्तू एकमेकींच्या जवळ आल्यासारख्या वाटतात, म्हणून दोन विमानांमधले अंतर कळत नाही. रेषांचे रंग मात्र झूममुळे बदलत नाहीत.

“धोक्याची लाल पाटी” हा तर उघड खोटेपणा आहे. लाल पाटीवर पांढरे आकडे ही टॅक्सीवे जिथे धावपट्टीला मिळतो तिथली कायमची पाटी आहे. पुढे कोणती धावपट्टी आहे आणि तिचे कोणते टोक कोणत्या हाताला आहे, हे ती सांगते. कोणी अपघातानंतर ती आणून लावत नाही. दुसऱ्या फोटोतली पाटी मोठी करून पाहिली तर तिच्यावर 09-27 असे स्वच्छ लिहिलेले आहे. म्हणजे नागपूरचा पुरावा म्हणून जो फोटो जोडला, त्याच्यावर नागपुरात नसलेल्या धावपट्टीचे नाव आहे. केवळ या पाटीवरून मी मुंबईचे नाव घेणार नाही, कारण 09/27 हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर आहे, आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरलाही आहे. पण हा फोटो नागपूरचा नाही एवढे ती पाटी एकटी सिद्ध करते.

शेपटीच्या रंगात तथ्य आहे हे मान्य करावे लागते, फक्त मजकूर लिहिणाऱ्याने त्याचा उपयोग केला नाही. टॅक्सीवेवर थांबलेल्या विमानाच्या गडद निळ्या शेपटीवर जेट एअरवेजचा पिवळा सूर्य आहे. जेटची उड्डाणे 17 एप्रिल 2019 रोजी बंद पडली. मग “काल रात्री” ती रांगेत कशी? इथे सावध मात्र राहावे लागते. कंपनी बंद पडली म्हणून रंग त्याच दिवशी खरवडला जात नाही, आणि जेटची काही विमाने त्यानंतरही विमानतळांवर उभी होती. विस्तारा या कंपनीचे एअर इंडियात विलीनीकरण 12 नोव्हेंबर 2024 रोजी झाले, तरी जांभळ्या शेपटीची विमाने पुढेही एअर इंडियाच्या नावाने उडत राहिली. त्यामुळे रंगावरून फोटो अमुक काळाच्या आधीचा नाही असे खात्रीने सांगता येते, अमुक काळानंतरचा नाही असे सांगायला दुसरा आधार लागतो. इथे तो आहे. हे विमान कोपऱ्यात इंजिने झाकून ठेवलेले नाही, ते धावपट्टीपाशी परवानगीची वाट पाहत आहे, म्हणजे ते चालू सेवेत होते. फोटो एप्रिल 2019 च्या आधीचा आहे. आणि तो भरदिवसाचा आहे, हे तर चष्म्याशिवायही दिसते.

राहिले व्हीटी. ही भारतात नोंदणी झालेल्या विमानांची खूण आहे, विमान कुठे उभे आहे याची नव्हे. व्हीटीवाले विमान दुबईतही दिसते. उलट इंडिगोने तुर्कस्तानातून भाड्याने घेतलेल्या बोइंग 777 विमानांवर टीसी ही तिथली अक्षरे होती, आणि ती दिल्ली-मुंबईहून उडत होती.

दोन विमाने खरोखर एका धावपट्टीवर समोरासमोर आली असती, तर तो गंभीर घटनेचा प्रकार ठरतो आणि त्याची चौकशी विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे जाते, ज्याचे अहवाल त्याच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. आत्याला मी दोन्ही फोटो मोठे करून दाखवले आणि पाटीवरचे 09-27 तिलाच वाचायला लावले. ज्यांनी हा मजकूर तिला पाठवला, त्यांनी निदान तेवढी पाटी वाचून तो आपापल्या ग्रुपवरून काढून टाकावा.